झिओलाइट : रेणूंची चाळणी आणि तिच्या आतला कारखाना

पुणे, नाशिक, जळगाव या भागातील काळ्या पाषाणाच्या खाणींत दगड फोडताना मधूनच एखादी पोकळी लागते आणि तिच्यात पांढरे, गुलाबी स्फटिक चमकताना दिसतात. त्यांतील पुष्कळसे झिओलाइट जातीचे असतात. तापविले की त्यांतले पाणी उकळून बाहेर पडते, म्हणून क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले. पाणी निघून गेले तरी स्फटिक ढासळत नाही. त्याच्या अंगात ठराविक मापाची असंख्य भोके मोकळी राहतात. आज आम्हांला या भोकांविषयीच बोलावयाचे आहे.

खनिज तेलापासून टोल्युइन नावाचा द्रव मिळतो. त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या सहा अणूंचे कडे आणि त्याला जोडलेले एक शेपूट. दोन रेणू एकत्र आणून एकाचे शेपूट दुसऱ्याला जोडले, की एक बेंझिन आणि दोन शेपटांचे एक झायलिन तयार होते. ही दोन शेपटे शेजारी असली तर ते ऑर्थो, एक जागा सोडून असली तर मेटा आणि अगदी समोरासमोर असली तर पॅरा. पॉलिएस्टरच्या कापडासाठी पॅराच हवे. परंतु साध्या उत्प्रेरकावर शंभर झायलिनांत पॅरा असते जेमतेम चोवीस. निम्म्याहून अधिक मेटाच. बरे, उकळवून वेगळे करावे, तर पॅरा उकळते १३८ अंशांवर आणि मेटा १३९ अंशांवर!

येथे झेड-एस-एम-५ हा झिओलाइट कामास येतो. तो खाणीतला नव्हे. अमेरिकेतील मोबिल कंपनीच्या प्रयोगशाळेत तो बनविला गेला आणि १९७२ साली त्याचे पेटंट निघाले. त्याच्यातील बोगदे सुमारे साडेपाच अँगस्ट्रॉम रुंदीचे आहेत. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. सिलिकॉनच्या चौकटीत जेथे ॲल्युमिनियमचा अणू बसलेला असतो तेथे एक हायड्रोजन चिकटून राहतो आणि ती जागा आम्लासारखी वागते. शेपटांची अदलाबदल तेथेच होते. पॅराचा सडपातळ रेणू सुमारे पावणेसहा अँगस्ट्रॉमचा. तापलेली चौकट आणि रेणू दोन्ही थरथरत असल्यामुळे तो अंग चोरून निसटतो. मेटा आणि ऑर्थो पावणेसातच्या घरातले. त्यांची वाट अडते.

आता कोणी म्हणेल, ही तर नुसती चाळणी झाली. पण नुसत्या चाळणीने शंभरांतून चोवीसच मिळाले असते. पंचविसावे कोठून यावे? खरी गोम येथे आहे. आत अडकलेले मेटा स्वस्थ बसत नाही. त्या आम्लजागी त्याचे शेपूट सरकते आणि त्यातून पुन्हा थोडे पॅरा होते. ते बाहेर पडते. राहिलेले पुन्हा बदलते. चाळणीत उरलेला जाडा भरडा बाई पुन्हा जात्यात घालते, तसेच हे. मात्र येथे जाते चाळणीच्या आतच आहे.

हिशोब पाहू. टोल्युइनचे शंभर रेणू ४०० अंशांवर तापवून सोडले तर एका फेरीत सुमारे तीस बदलतात आणि पंधरा झायलिन मिळतात. साध्या उत्प्रेरकावर त्यांत तीन-चार पॅरा असते. येथे बारा किंवा अधिक. न बदललेले सत्तर पुन्हा भट्टीत जातात.

मात्र हे आपोआप घडत नाही. स्फटिकाच्या बाहेरच्या अंगावरही आम्लजागा असतात आणि तेथे दार नाही. आतून निवडून आलेले पॅरा तेथे टेकले की पुन्हा मेटा होते आणि केलेली निवड वाया जाते. बाहेर पडणाऱ्या द्रवाची तपासणी करताना पॅराचे प्रमाण चोविसाकडे घसरू लागले, की रोग बाहेरच्या अंगाला आहे अशी शंका घ्यावी. त्यावर उपाय म्हणून बाहेरून सिलिकाचा पातळ थर चढवितात, किंवा मुद्दाम थोडी काजळी धरू देतात. स्फटिक मोठे घेतले तर आतली वाट लांबते आणि निवड आणखी कडक होते.

पण दार अरुंद केले की ये-जा मंदावते, हेही विसरून चालणार नाही. त्याच कामासाठी भट्टी अधिक तापवावी लागते. काजळी हाताबाहेर वाढली तर बोगदेच बुजतात. मग काम थांबवून ती जाळून काढावी लागते. निवड हवी तर वेग थोडा सोडावा लागतो. किती सोडावा, हे ठरविण्यातच कारखान्याच्या रसायनज्ञाचे कसब आहे.