बटण बदलण्याआधीचं गणित

डिसेंबर २००७. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा यांची मोहीम जोरात होती. त्यांच्या वेबसाइटवर येणाऱ्याला आधी एक पान दिसायचं: वर चित्र, खाली ईमेल पत्ता भरायची जागा आणि ‘साइन अप’ असं लिहिलेलं बटण. गूगलमधून मोहिमेत दाखल झालेल्या डॅन सिरोकर यांनी बटणावरचे चार वेगवेगळे मजकूर घेतले, तीन चित्रं आणि तीन व्हिडिओ घेतले, त्यांच्या चोवीस जोड्या लावल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली कुठली तरी एक दाखवायला सुरुवात केली. मोहिमेतल्या मंडळींचा कौल एका व्हिडिओला होता. प्रत्यक्षात सगळेच व्हिडिओ चित्रांच्या मागे पडले. मूळ पानावर शंभरातले ८.२६ लोक नाव नोंदवत होते. ओबामा कुटुंबाचा फोटो आणि ‘लर्न मोअर’ हे बटण या जोडीवर हे प्रमाण ११.६ वर गेलं.

हा किस्सा मार्केटिंगच्या वर्तुळात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. सांगणारे बहुतेक वेळा ‘लर्न मोअर’ या दोन शब्दांवरच थांबतात आणि दुसरा आकडा विसरतात. या चाचणीत ३,१०,३८२ लोकांची मोजणी झाली होती. म्हणजे प्रत्येक जोडी साधारण १३ हजार जणांनी पाहिली. एवढ्या गर्दीत एखाद्या टक्क्याचा फरकही बऱ्यापैकी भरवशाने ओळखता येतो. इथे तर तो सव्वातीन टक्क्यांच्या पुढे होता. तरीही चोवीसांतल्या पहिल्या नंबराला थोडी नशिबाची साथ असतेच. त्यामुळे विजेत्याची आघाडी कागदावर दिसते त्याहून जरा कमीच धरावी.

ओबामांकडे गर्दी होती. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या वेबसाइटचं काय? समजा, पुस्तकं विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे. पुस्तकाच्या पानावर ‘मागणी नोंदवा’ असं बटण आहे. मालकाला वाटतं, त्याऐवजी ‘आजच घरी मागवा’ लिहिलं तर विक्री वाढेल. निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं बटण दाखवायचं, बाकी पान जसंच्या तसं ठेवायचं, ही झाली स्प्लिट टेस्ट. कोणाला काय दिसणार हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. एकदा नवं बटण दिसलेल्या माणसाला तो दुसऱ्या दिवशी परत आला तरी नवंच दिसतं आणि त्याची मोजणीही एकदाच होते.

मोजायचं काय, हे आधी ठरवायला हवं. क्लिक मोजणं सोपं, पण मोहात पाडणारं असतं. नव्या शब्दांच्या कुतूहलाने लोक बटण दाबतील आणि पैसे भरायच्या पानावरून माघारी फिरतील. दुकानाला हवी असते पूर्ण झालेली ऑर्डर, म्हणून मोजायची तीच.

आता आकड्यांकडे. सध्या पान पाहणाऱ्या शंभरातले चार जण पुस्तक घेतात असं धरू. मालकाने सांगायचं, की किती वाढ झाली तर बदल त्याच्या कामाचा. त्याचं उत्तर असं, की चारावरून ४.८ व्हायला हवेत. त्याहून कमी असेल तर त्याला खटाटोप नको. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. घेणाऱ्यांचं प्रमाण ०.०४ आणि न घेणाऱ्यांचं ०.९६, यांचा गुणाकार ०.०३८४. त्याला १६ ने गुणलं की ०.६१४४. हवा असलेला फरक ०.००८, त्याचा वर्ग ०.००००६४. भागाकार येतो ९,६००. एका बटणासाठी ९,६०० माणसं, दोन्ही मिळून १९,२००.

त्या १६ मध्ये दोन अटी दडलेल्या आहेत. बटणांत मुळात फरकच नसेल, तर चाचणीने शंभरातून पाचपेक्षा जास्त वेळा फरक आहे असं खोटं सांगू नये. आणि ठरवलेला फरक खरोखर असेल, तर शंभरातून ऐंशी वेळा तो पकडावा. उरलेल्या वीस वेळा चांगलं बटणही हुकणार, हे मान्य करूनच पुढे जायचं.

मालक जरा लोभी झाला आणि म्हणाला, ४ वरून ४.४ झाले तरी मला कळायला हवं, तर काय? फरक निम्मा झाला की माणसं चौपट लागतात. १९,२०० चे ७६,८०० होतात. पानावर रोज १,२०० नवे लोक येत असतील, तर पहिली चाचणी १६ दिवसांत संपते आणि दुसरीला ६४ दिवस लागतात.

तरी १६ दिवसांनी थांबू नये. रविवारी दुपारी निवांत पुस्तकं चाळणारा आणि मंगळवारी ऑफिसात घाईघाईने ऑर्डर देणारा, यांची वागणूक वेगळी असते. म्हणून मुदत पूर्ण आठवड्यांत धरतात. इथे ती तीन आठवडे, म्हणजे २१ दिवस होईल. दिवाळी अंकांच्या खरेदीचा हंगाम मात्र टाळावा. त्या गर्दीवरून काढलेला निष्कर्ष जूनमध्ये टिकेलच असं नाही.

खरा घोळ होतो तो चाचणी सुरू झाल्यावर. तिसऱ्या दिवशी मालक आकडे उघडतो. दोन्हीकडे १,८०० माणसं. जुन्या बटणावर ६६ ऑर्डरी, नव्यावर ९२. पाच टक्क्यांची कसोटी लावली तर ही आघाडी त्यात बसते. मालक खूश होऊन म्हणतो, ‘बास, नवं बटण लावून टाका.’ मतमोजणीच्या पहिल्या फेरीत पुढे असलेल्या उमेदवाराच्या घरी पेढे वाटण्यासारखाच हा प्रकार. अधूनमधून डोकावून पहिल्या अनुकूल क्षणी थांबलं, की पाच टक्क्यांची हमी संपते. मोजणी चालू असताना सारख्या अंतराने दहा वेळा कसोटी लावली आणि जमलं की थांबलो, तर फरक नसतानाही फरक ‘सापडण्याची’ शक्यता सुमारे १९ टक्क्यांवर जाते. मध्येच थांबायची मुभा देणाऱ्या पद्धती आहेत, पण त्यांचे नियमही आधीच ठरवावे लागतात.

मग रोज काहीच बघायचं नाही? एक गोष्ट जरूर बघावी: माणसं निम्मी-निम्मी वाटली जाताहेत का. १९,२०० पैकी एकीकडे ९,७०० आणि दुसरीकडे ९,५०० असतील तर ते योगायोगात बसतं. ९,९०० आणि ९,३०० असतील तर बसत नाही. कुठे तरी यंत्रणेत गडबड आहे, कदाचित नवं पान काही मोबाइलवर उघडतच नसेल. अशा वेळी ऑर्डरींचे आकडे कितीही गोड असले तरी चाचणी रद्द करायची, दोष शोधायचा आणि पहिल्यापासून मोजायचं.

समजा मालकाने धीर धरला. २१ दिवसांत दोन्हीकडे १२,६०० माणसं झाली. जुन्या बटणावर ५०४ ऑर्डरी, म्हणजे बरोबर ४ टक्के. नव्यावर ५४८, म्हणजे ४.३५. तिसऱ्या दिवसाची घसघशीत आघाडी विरघळली. आता हिशेब सांगतो, की खरा फरक पाव टक्क्याहून कमी तोट्यापासून ते ०.८५ टक्क्याच्या फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो. नवं बटण वाईट ठरलेलं नाही, चांगलंही ठरलेलं नाही. ‘अजून एक आठवडा चालवू, म्हणजे लागेल निकाल’ ही सूचना इथे हमखास येते. तीही डोकावण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. मालकाला शब्द आवडले असतील तर त्याने ते खुशाल ठेवावेत. विक्री त्यांनी वाढवली असं मात्र सांगू नये.

आणि ज्या दुकानाच्या पानावर रोज शंभरच माणसं येतात, त्याला हीच चाचणी १९२ दिवस चालवावी लागेल. त्याने बटणाच्या फंदात न पडता, ऑर्डर अर्धवट सोडून गेलेल्या दहा ग्राहकांना फोन करून कारण विचारावं.