डास आपल्याला शोधतो कसा?



उन्हाळा सुरू झाला की संध्याकाळी मिर्पेसेतमध्ये बसणं कठीण होतं. चारजण एकत्र बसलेले असतात, पण डास चावतात एकालाच. मग कोणीतरी म्हणतंच, "तुझं रक्त गोड आहे!" पण चावण्याआधी डासाला रक्ताची चव कळायला काहीच मार्ग नाही. साखरेचा आजार असला म्हणून डास जास्त चावतात, हेही त्यामुळे खरं धरू नये. मग तो माणूस निवडतो कसा, ते क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट. मराठीतला डास आणि हिब्रूतला यतुश, दोन्ही शब्द पुल्लिंगी, पण चावते ती फक्त मादी. नराचं तोंड कातडी भेदण्याइतकं मजबूत नसतं. तो फुलांचा गोड रस पितो आणि त्यावरच जगतो. मादीचंही रोजचं खाणं तेच. पण पोटात अंडी तयार करायला प्रोटीन लागतं, आणि ते फुलांच्या रसात नसतं. म्हणून तिला रक्त हवं असतं. एकदा पोटभर रक्त मिळालं की दोन-तीन दिवस ती ते पचवते, मग साचलेल्या पाण्यावर शंभर-दोनशे अंडी घालते आणि पुन्हा रक्ताच्या शोधात निघते. म्हणजे आपलं रक्त ती स्वतःच्या पोटासाठी नाही, पिल्लांसाठी नेते.

आता समजा, तुम्ही अंधार पडल्यावर खुर्चीत बसला आहात आणि मादी वीस-तीस मीटरवर एका झुडपात आहे. तिला तुम्ही दिसत नाही. तिला पहिल्यांदा कळतो तो तुमचा श्वास. बाहेरच्या हवेपेक्षा आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे शंभरपट जास्त असतो. सोंडेच्या बाजूला तिला दोन छोट्या मिशा असतात, त्यांना हा वायू ओळखता येतो. तो लागला की ती वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते. वास तुटला तर डावी-उजवीकडे वळत पुन्हा शोधते.

जवळ आल्यावर कातडीचा वास कामाला येतो. घामातलं लॅक्टिक आम्ल आणि कातडीवरच्या तेलकट आम्लांचा वास तिला ओढतो. ही आम्लं प्रत्येकाच्या अंगावर कमी-जास्त असतात आणि कातडीवरच्या जिवाणूंचाही त्या वासात हात असतो. चौघांतल्या एकालाच डास का चावतात, त्याचं मोठं कारण हे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात असा प्रयोग झाला. ज्यांच्या अंगावर ही आम्लं जास्त, त्यांच्याकडे डास जास्त जात, आणि पुढची काही वर्षं तेच चित्र राहिलं. म्हणून साबण बदलून फार काही होईल असं समजू नका.

अगदी हातभर अंतरावर आल्यावर अंगाची ऊब तिला जाणवते आणि मग ती नेमकी उघड्या कातडीवर उतरते.

हे समजलं की उपाय आपोआप सुचतात. साधा पंखा फार उपयोगी. डास हळू उडणारा, त्याला वाऱ्यात टिकता येत नाही, शिवाय श्वासाचा आणि अंगाचा वास पांगतो. पंख्याचा झोत पायांकडे ठेवा. अंगाला लावायचं डीट असलेलं औषध सगळ्या उघड्या भागावर लावा, कारण एक घोटा राहिला तर ती बरोबर तिथेच चावते. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका. उन्हाळ्यात अंड्यातून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधीच पाणी गेलं पाहिजे.

आपल्या वयात हे एवढ्यासाठी महत्त्वाचं, की इस्राएलमध्ये रात्री चावणारा क्युलेक्स डास वेस्ट नाईल ताप पसरवतो. हा विषाणू पक्ष्यांमध्ये असतो. मादी आधी पक्ष्याला चावते, मग माणसाला. २०००च्या उन्हाळ्यात देशात ४००हून जास्त लोक आजारी पडले होते. बहुतेकांना हा विषाणू शिरल्याचं कळतही नाही, काहींना ताप आणि अंगदुखी होते. पण म्हाताऱ्या माणसांत क्वचित तो मेंदूपर्यंत जातो. माणसांसाठी त्याची लस नाही. म्हणून उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं फार दुखणं, मान आखडणं किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलणं, असं काही दिसलं तर "साधा ताप आहे" म्हणून घरी बसू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि डास चावले होते हे सांगा.