पंधराव्या मिनिटाची टकटक

जुलैचा पहिला आठवडा. बाहेर पावसाची रिपरिप चालू आहे आणि कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये शेवटच्या वर्षाची मुलंमुली हातात फाइल धरून उभी आहेत. पुढच्या काही आठवड्यांत कंपन्या कॅम्पसवर यायला लागतील. त्याआधीची ही रंगीत तालीम, म्हणजे मॉक इंटरव्ह्यू. मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो आणि प्लेसमेंटचं कामही पाहतो. या सत्रांचं वेळापत्रक बरीच वर्षं मीच आखत आलो आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मॉक इंटरव्ह्यूचा खरा उपयोग प्रश्नोत्तरं संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत होतो, आणि वेळ कमी पडला की सगळ्यात आधी नेमकी तीच दहा मिनिटं कापली जातात.

आमचा पहिला प्रयत्न याच कारणाने फसला. विद्यार्थी 120 होते आणि पाहुण्यांना एकच दिवस मोकळा होता. कागदावर हिशोब चोख बसत होता. पाच पॅनेल, सकाळी 10 ते 1 आणि दुपारी 2 ते 5, प्रत्येकाला 15 मिनिटं. एका पॅनेलकडे 24, म्हणजे पाचांकडे मिळून 120. प्रत्यक्षात उद्घाटन, स्वागत आणि सत्कारातच पहिली 25 मिनिटं गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी पॅनेल मागे पडली होती आणि पॅनेलवरचे लोक घड्याळाकडे पाहत प्रश्न विचारत होते. मूल खुर्चीवरून उठायच्या आत ‘चांगलं होतं, कॉन्फिडन्स वाढवा’ असं सांगून पुढच्याला बोलावलं जाई. संध्याकाळी मी गुणांचे तक्ते गोळा केले. ‘संवादकौशल्य : 3’ अशा आकड्यांनी ते भरलेले होते. तो तीन चार कसा करायचा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. ‘कॉन्फिडन्स वाढवा’ हे ऐकून कोणाचा कॉन्फिडन्स वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वेळापत्रक उलट्या बाजूने आखलं. आधी अभिप्रायाची 10 मिनिटं बाजूला काढली. मुलाखतीला 15 आणि टिपण लिहून पुढच्याला आत घ्यायला 5, असा अर्ध्या तासाचा स्लॉट झाला. सकाळी 10 ते 12 चार स्लॉट, मग 15 मिनिटांचा चहा, सव्वाबारा ते सव्वाएक आणखी दोन, आणि जेवणानंतर 2 ते 4 चार. एका पॅनेलचे दिवसाला 10 स्लॉट, चार पॅनेलचे 40. म्हणजे 120 मुलांना तीन दिवस लागतात. ‘एका दिवसात उरकलं असतं’ असं कोणी म्हटलं की मी त्यांना जुने तक्ते दाखवतो. सत्कार आता शेवटच्या दिवशी, काम संपल्यावर होतो.

प्रत्येक खोलीच्या दाराशी तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी घड्याळ घेऊन बसतो. बरोबर पंधराव्या मिनिटाला तो दारावर दोनदा टकटक करतो. टकटक झाली की चालू प्रश्न संपवायचा आणि मुलाखत थांबवायची. पॅनेलवरच्या मोठ्या माणसाला ‘सर, आता थांबा’ म्हणणं मुलांना जड जातं, ते काम टकटक करते.

पॅनेलमध्ये दोघं असतात. एक त्याच शाखेत काम करणारा इंजिनीअर, बहुतेक वेळा आमचाच माजी विद्यार्थी, आणि दुसरी व्यक्ती एचआरमध्ये माणसं निवडण्याचा अनुभव असलेली. ज्या विभागाची मुलं, त्याच विभागाचे शिक्षक पॅनेलवर बसवत नाही. शिक्षकांना मूल आधीपासून माहीत असतं, त्यामुळे उत्तरातली गाळलेली जागा ते मनातल्या मनात भरून घेतात. कंपनीचा माणूस असं करणार नाही. विद्यार्थ्यांना दोन दिवस आधी स्लॉटची वेळ, खोलीचा क्रमांक आणि पॅनेलची ओळख मिळते. ‘वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगचं काम, आठ वर्षं’ एवढं कळलं की मूल आपल्या प्रोजेक्टकडे त्या माणसाच्या नजरेने पाहायला लागतं. पॅनेललाही आदल्या दिवशी रेझ्युमे पाठवतो. मूल समोर आल्यावर रेझ्युमे वाचायला घेतला तर पहिली तीन मिनिटं त्यातच जातात.

या अर्ध्या तासात काय घडतं, ते एका मुलीच्या स्लॉटवरून सांगतो. मी कोपऱ्यात बसून तो पाहिला होता. मुलगी तालुक्याच्या गावची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. शाखा इलेक्ट्रॉनिक्स. रेझ्युमेवर प्रोजेक्ट होता जमिनीचा ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद करण्याचा. पॅनेलवरच्या इंजिनीअरने इंग्रजीत विचारलं, पंप कधी सुरू होतो? ती म्हणाली, माती कोरडी झाली की. त्यांनी पुढे विचारलं, कोरडी म्हणजे किती? ती गप्प झाली. मग म्हणाली, आम्ही कोडमध्ये एक व्हॅल्यू दिली आहे. कोणी ठरवली? ‘आम्ही’. कशी ठरवली? पुन्हा शांतता. त्यानंतरच्या प्रत्येक उत्तराला तिचा आवाज खाली गेला. तेवढ्यात टकटक झाली.

अभिप्राय आम्ही मराठीतून देतो. मुलाखत इंग्रजीत दिलेल्या मुलाला आपलं कुठे चुकलं हेही इंग्रजीतच समजून घ्यावं लागलं, तर अर्धी गोष्ट हातची जाते. पहिली दोन मिनिटं विद्यार्थ्याची असतात. पॅनेल विचारतं, तुम्हाला कुठलं उत्तर जमलं नाही असं वाटतं? ती मुलगी लगेच म्हणाली, “सर, सेन्सरचं. पण ती रीडिंग मीच घेतली होती.”

दोघंही पुढे सरसावले. “कशी घेतली होती?” तिने मराठीत सगळं सांगितलं. घरून तीन कुंड्या आणल्या होत्या. एकीत पूर्ण सुकी माती, एकीत नुकतंच पाणी घातलेली, एकीत दोन दिवसांपूर्वी घातलेली. सेन्सरचं वाचन 0 ते 1023 यांच्या दरम्यान येतं आणि माती जितकी सुकी तितका आकडा मोठा. तिसऱ्या कुंडीतलं वाचन पाहून तिने 700 ही मर्यादा ठरवली होती. इंजिनीअर म्हणाले, “मग हे मघाशी का नाही सांगितलंत? ‘आम्ही’ म्हणालात की त्यात तुम्ही कुठे आहात, हे मला दिसत नाही.” एचआरच्या मॅडमनी आपल्या कागदावरची नोंद दाखवली. पंधरा मिनिटांत तिने नऊ वेळा ‘आम्ही’ म्हटलं होतं आणि ‘मी’ एकदाही नाही. चारचौघांत ‘मी केलं’ म्हणणं आपल्याकडे आगाऊपणाचं समजलं जातं. तोच संस्कार घेऊन मुलं मुलाखतीला येतात आणि स्वतःचं काम स्वतःच्याच तोंडाने पुसून टाकतात.

शेवटची तीन मिनिटं त्याच उत्तराला पुन्हा मिळतात. हा भाग आम्ही कधीच वगळत नाही. दुसऱ्यांदा तिने इंग्रजीत चारच वाक्यं सांगितली. अडचण काय होती, माझ्याकडे कुठला भाग होता, मी काय केलं, त्यातून काय निघालं. व्याकरणाच्या दोन चुका झाल्या, पण आवाज खाली गेला नाही. इंजिनीअरने आणखी एक प्रश्न टाकला, हेच 700 काळ्या मातीत आणि मुरमाड जमिनीत सारखंच चालेल का? ती म्हणाली, मी तपासलेलं नाही, पण बहुधा चालणार नाही, दोन्हीकडे पुन्हा रीडिंग घ्यावी लागतील. पॅनेलला त्या दिवशी सगळ्यात आवडलेलं उत्तर हेच होतं. माहीत नसलेलं कबूल करून ते कसं शोधणार, हेही तिने सांगितलं होतं.

उरलेल्या 5 मिनिटांत पॅनेल गुणांऐवजी तीन ओळींची चिठ्ठी लिहितं. तुम्ही काय म्हणालात, ऐकणाऱ्याला त्यातून काय वाटलं, पुढच्या वेळी काय करायचं. पहिल्या ओळीत विद्यार्थ्याचेच शब्द हवेत, ही अट आहे. चिठ्ठी नीट लिहिली गेली की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. तीच चिठ्ठी दुसऱ्या मुलाच्या हातात दिली आणि त्यालाही तितकीच लागू पडली, तर ती वाया गेली. ‘बॉडी लँग्वेज सुधारा’ सगळ्यांनाच लागू पडतं. ‘पगाराचा प्रश्न आला तेव्हा तुम्ही खाली पाहिलंत’ हे एकालाच. पॅनेलवरच्या काही जणांना अभिप्रायाच्या वेळात स्वतःच्या नोकरीची गोष्ट सांगायचा मोह होतो. त्यांना मी आधीच विनंती करतो की गोष्टी चहाच्या वेळी सांगाव्यात, मुलं आवडीने ऐकतील.

आता पोशाख. सूचना पाठवली की सगळ्यात जास्त फोन यावरच येतात, आणि बहुतेकांमागे पैशांची चिंता असते. म्हणून सूचनेतलं पहिलं वाक्य असतं : नवीन काही विकत घेऊ नका. मुलांनी फिक्या रंगाचा, इस्त्री केलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गडद पँट घालावी. मुलींनी साधा सलवार-कमीझ किंवा शर्ट-पँट, जे सवयीचं असेल ते. साडी नेसायची सवय नसेल तर नेसू नये. ओढणी असेल तर पिन लावावी, नाहीतर पंधरा मिनिटं हात तिच्यातच गुंततात. ब्लेझर आणि टाय यांची गरज नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदाच घातले तर टाच सोलते आणि मूल लंगडत आत येतं. तेव्हा घालायचे ते कपडे आणि बूट आदल्या आठवड्यात दोन तास तरी घालून वावरावं, खुर्चीवर बसून पाहावं. शर्टाचं बटण पोटाशी ताणतंय का, हे बसल्यावरच कळतं. जुलै असल्यामुळे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, जादा मोजे पिशवीत, आणि स्लॉटच्या वीस मिनिटं आधी हजर. ओल्या मोज्यांत बसलेल्या मुलाचं लक्ष प्रश्नाकडे राहत नाही.

या तालमीच्या मर्यादाही मुलांना सांगाव्या लागतात. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मुलाखतीआधी लेखी चाळणी असते. तिथे अडलेल्या मुलाला मॉक इंटरव्ह्यूचा उपयोग नाही, त्याने गणिताचा आणि कोडिंगचा सरावच करायला हवा. विषयाचा पायाच कच्चा असेल तर तोही अर्ध्या तासात पक्का होत नाही. पॅनेल अशा वेळी कुठला भाग पुन्हा वाचायचा, एवढंच चिठ्ठीवर लिहितं. शिवाय ओळखीच्या कॉलेजात, ओळखीच्या खोलीत जी भीती वाटते ती खऱ्या मुलाखतीपेक्षा कमीच असते.

म्हणून दहा दिवसांनी दुसरी, छोटी फेरी ठेवतो. प्रत्येकाला 10 मिनिटं आणि पॅनेल वेगळं. आत जाताना मूल आपली चिठ्ठी पॅनेलच्या हातात देतं आणि पहिला प्रश्न चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीवरूनच सुरू होतो. त्या मुलीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘काम तुमचं असेल तिथे “मी” म्हणा. कुंड्यांची गोष्ट आधी सांगा.’ नव्या पॅनेलने चिठ्ठी वाचून कुंड्यांबद्दल विचारलं. ती म्हणाली, आता चार आहेत. चौथीत तिने वडिलांच्या शेतातली काळी माती भरून आणली होती.