योगासनं की वजनं? पन्नाशीतल्या आखडलेल्या गुडघ्यांसाठी

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा होता : "वय त्रेपन्न-चोपन्न, सकाळी गुडघे थोडे आखडतात. योगवर्ग लावू की वजनं उचलू?" आज आपण एवढ्याच प्रश्नाकडे बघणार आहोत.

आधी आखडणं म्हणजे काय ते पाहू. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहतो तो सांधा हलला, दाबला, सोडला की. रात्रभर किंवा तासभर खुर्चीत बसल्यावर सांधा जड वाटतो आणि चार पावलं चालल्यावर मोकळा होतो, तो बराचसा याचमुळे. असं आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत ओसरतं. ते रोज त्याहून जास्त टिकत असेल, सांधा सुजत असेल, गरम लागत असेल किंवा बोटांचे बरेच सांधे एकदम दुखत असतील, तर व्यायामाचा प्रश्न नंतरचा. आधी डॉक्टरांना दाखवायचं, कारण तो दाहक संधिवात असू शकतो.

आता योगासनांचं काम. आसनांमुळे सांधा त्याच्या पूर्ण कक्षेत फिरतो, तोल सुधारतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, ठोकळा, घडीची चादर अशा साधनांचा वापर रुळवला. त्याचा मोठा फायदा आखडलेल्या माणसालाच होतो. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकत नसेल तर ठोकळ्यावर ठेवा. आसन होतं, आणि गुडघ्यावर ओढ येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी वीरभद्रासनात वीस सेकंद उभं राहणं हासुद्धा ताकदीचाच व्यायाम असतो.

पण तीन-चार महिन्यांनी एक अडचण येते. स्नायू वाढतो तो भार हळूहळू वाढवत नेल्यावर. आसनांत भार आपल्याच शरीराचा असतो, आणि तो तेवढाच राहतो. वीस सेकंदांचे चाळीस झाले तर दम वाढतो. ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. दुसरी गोष्ट, नेहमीच्या आसनांत ढकलणं भरपूर आहे, पण काही आपल्याकडे ओढणं जवळजवळ नाही. त्यामुळे पाठीचा वरचा भाग कमकुवत राहतो. आणि गुडघ्याचा खरा आधार असतो मांडीचा पुढचा स्नायू. तो अशक्त असेल तर जिना उतरताना प्रत्येक पायरीचा धक्का सांध्यालाच सोसावा लागतो.

म्हणून आमचं उत्तर असं : आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि मधल्या तीन दिवसांत वीस-वीस मिनिटं आसनं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करा असंच सांगतात.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? समजा, चोपन्न वर्षांच्या एक बाई आहेत. सकाळी गुडघे दहा मिनिटं आखडतात, सूज नाही, रक्तदाब ताब्यात आहे. त्यांना घरातल्या साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि उठ-बस करायला सांगितली. सहाव्या वेळेला हात आपोआप मांडीवर गेले. याचा अर्थ ही उंची आज त्यांना जड आहे. मग खुर्चीवर घडी केलेल्या दोन चादरी ठेवायच्या. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो आणि काम हलकं होतं.

सुरुवात या उंच बैठकीवरून : आठ वेळा उठ-बस, दीड-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ वेळा. खाली बसताना तीन आकडे मोजत बसायचं. धप्पकन बसलं की अर्धा व्यायाम वाया. थांबायचं कधी? अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटेल तेव्हा. दोन आठवड्यांनी आठाच्या तीन फेऱ्या. तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा सहज व्हायला लागल्या की एक चादर काढायची आणि पुन्हा आठावर यायचं. मग दुसरी चादर. त्यानंतर छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी, पुढे पाच किलोची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

याच्या जोडीला तीनच व्यायाम. ओट्याला हात टेकून दंड. एक हात टेबलावर ठेवून दुसऱ्या हाताने तीन किलोची पिशवी कमरेपर्यंत ओढणं. आणि बादली उचलणं : एक तृतीयांश भरलेली मोठी बादली साधारण सहा-सात किलोची होते. ती उचलताना पाठ सरळ ठेवून नितंब मागे न्यायचे, गुडघे थोडेच वाकवायचे. चारही व्यायाम मिळून अर्धा तास लागतो.

बिघडतं कुठे? पाचव्या आठवड्यात बाईंना बरं वाटायला लागलं, म्हणून त्यांनी दोन्ही चादरी एकदम काढल्या, आणि त्याच दिवशी माळा आवरायला दहा वेळा स्टुलावर चढ-उतर केली. दुसऱ्या दिवशी गुडघे दहाऐवजी चाळीस मिनिटं आखडले. इथे बहुतेक जणी व्यायामच सोडतात. तसं करू नका. नियम सोपा आहे : व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही, तर एक पायरी मागे. म्हणजे इथे एक चादर परत, आणि आठवडाभर तिथेच. मात्र सांधा सुजला किंवा अडकला तर थांबून दाखवून घ्यायचं.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न.

"वज्रासनात बसावं का?" गुडघ्यात टोचत असेल तर हट्टाने नको. नितंब आणि टाचा यांच्यामध्ये जाड लोड ठेवून बघा. तरीही टोचलं तर खुर्चीवर बसा. त्यात काही कमीपणा नाही.

"हाडं ठिसूळ व्हायला लागलीत असं तपासणीत आलंय. मग वजनं उचलायची?" उचलायची, पण शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या २०१८ च्या एका अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुधारलेली दिसली. पण प्रत्येक सत्रावर देखरेख होती, म्हणून तो प्रयोग घरी एकटीने करायचा नाही. आणि अशा वेळी पाठ गोल करून खोल पुढे वाकण्याची आसनं टाळायची, कारण त्यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो.

आज घरी गेल्यावर एवढं करा : खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता येतं ते मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल तर भार वाढवायचा राहून गेलाय, असं बहुधा दिसेल.