मुलीच्या वडिलांची दोन मिनिटं

हनोईकडच्या साखरपुड्यात मुलाकडची मंडळी लाल कापडाने झाकलेली तबकं घेऊन येतात: विड्याची पानं, सुपारी, चहा, दारू, मिठाई. उत्तरेत तबकांची संख्या विषम असते. मुलाकडचे वडीलधारे आधी बोलतात आणि मुलीला मागणी घालतात. मग मुलीचे वडील आभाराला उभे राहतात. कधी त्यांच्याऐवजी घरातले एखादे ज्येष्ठ बोलतात.

भाषण साधारण असं असतं: "दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. आपण आणलेली भेट आम्ही आनंदाने स्वीकारतो आणि पूर्वजांपुढे ठेवतो. आजपासून आपला मुलगा आमचा, आमची मुलगी आपली. ती अजून लहान आहे, चुकली तर सांभाळून शिकवा. पाहुणचारात काही उणं राहिलं असेल तर माफ करा."

क्रम चुकवून चालत नाही. आधी वडीलधारे, मग भेटीचा स्वीकार, आणि माफी शेवटी. स्वीकाराचा उच्चारच राहिला तर मागणीला उत्तर मिळालं नाही असं होतं. मुलीचं कौतुक मात्र फार करू नये. तिथे ते बढाईसारखं वाटतं.

यानंतर जोडपं पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावतं. निघताना मुलाकडच्यांना भेटीतला काही वाटा परत देतात. त्यासाठी सुपारीचा घड हातानेच तोडतात, सुरी लावत नाहीत.