पडत्या बाजारातील हप्ता

दरमहा ठराविक तारखेस ठराविक रक्कम म्युच्युअल फंडात गुंतविण्याच्या पद्धतीस एसआयपी म्हणतात. बाजार कोसळला की हा हप्ता थांबवावा, असा विचार प्रथम मनात येतो. २०२० साली असाच प्रसंग आला होता. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च रोजी तो २६ हजारांच्याही खाली बंद झाला, आणि नोव्हेंबरात त्याने जानेवारीची पातळी पुन्हा ओलांडली. अशा वेळी हप्त्याचे नेमके काय होते, हे एका छोट्या हिशेबाने पाहू.

समजा, एका गृहस्थांनी दरमहा ५,००० रुपये भरले. फंडाच्या एका युनिटचा भाव पाच महिन्यांत अनुक्रमे ५०, ४०, २५, ४० आणि ५० रुपये होता. त्यांस युनिट मिळाले १००, १२५, २००, १२५ आणि १००, म्हणजे एकूण ६५०. भरलेले रुपये २५,०००. म्हणून प्रत्येक युनिट सरासरी ३८ रुपये ४६ पैशांस पडले. पाच भावांची साधी सरासरी मात्र ४१ रुपये येते. रक्कम तीच असल्याने स्वस्ताईत युनिट अधिक आणि महागाईत कमी मिळाले, एवढेच या फरकाचे कारण. अखेरीस भाव पूर्वीच्याच ५० रुपयांवर आला, तरी त्यांच्या युनिटांची किंमत ३२,५०० रुपये झाली.

त्यांच्या शेजाऱ्यांनी मधले तीन हप्ते भयापोटी थांबविले. त्यांनी पहिल्या व पाचव्या महिन्यात मिळून १०,००० रुपये भरले, २०० युनिट घेतले, आणि त्यांची किंमत १०,००० रुपयेच राहिली. सर्व लाभ त्या तीन महिन्यांतच होता.

परंतु वाचकहो, हिशेब येथेच संपत नाही. आता तेच भाव वेगळ्या क्रमाने मांडा : ५०, ५०, ४०, ४०, २५. युनिट पुन्हा ६५०, सरासरी पुन्हा ३८ रुपये ४६ पैसे. मात्र अखेरच्या दिवशी किंमत केवळ १६,२५० रुपये; म्हणजे ८,७५० रुपयांची तूट! सरासरीने खरेदीचा भाव उतरतो. विक्रीच्या दिवसाचा भाव तिच्या हाती नसतो. बाजार सतत चढत राहिला, तर प्रारंभीच सर्व रक्कम भरणाराही हप्तेवाल्याच्या पुढे जातो. आणि निवडलेला फंडच निकृष्ट असेल, तर त्याचा पडलेला भाव वर येईलच असे नाही.

म्हणून दोन गोष्टी पाहाव्या. बाजार पडला असता हप्ता चालू ठेवण्याइतकी शिल्लक बँकेत हवी. आणि मुलीच्या शिक्षणासारख्या ठरलेल्या खर्चाचा दिवस दोन-तीन वर्षांवर आला, की ती रक्कम थोडी थोडी काढून मुदतठेवीसारख्या स्थिर जागी ठेवावी. हप्त्याचा आरंभ केव्हाही करता येतो. शेवट मात्र आधी ठरवून ठेवावा लागतो.