वर लॉफ्ट तर असतोच ना?

फर्निचरची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराचा नफा बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावर कानावर पडणाऱ्या लहानसहान वाक्यांत विरतो. “दादा, वर लॉफ्ट तर असतोच ना?” हे त्यातलं नेहमीचं.

समजा, बेडरूमचं कपाट ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे. दर्शनी माप ४२ चौरस फूट, दर १,४०० रुपये धरला तर ५८,८०० रुपये. बरेच जण कोटेशनमध्ये “वॉर्डरोब, ४२ चौ. फूट” एवढंच लिहितात आणि भांडणाला जागा ठेवतात. ताईंच्या डोळ्यांपुढे शोरूममधलं कपाट असतं: छतापर्यंत लॉफ्ट, चार ड्रॉवर, आरसा. मिस्त्रीनं धरलेल्या असतात फळ्या आणि दोन ड्रॉवर. खोटं कुणीच बोलत नसतं.

म्हणून त्या ओळीखाली आणखी दोन ओळी हव्यात. “यात धरलेलं: फळ्या, २ ड्रॉवर, बिजागऱ्या, १ कुलूप, प्रत्येकी २५० रुपयांपर्यंतची हँडल. यात नाही: लॉफ्ट (१,२०० रुपये चौ. फूट), आरसा, लाइट, जास्तीचा ड्रॉवर (प्रत्येकी २,२०० रुपये).” माझ्या मते दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. जास्तीच्या कामाचा दर आधीच कागदावर असला, की अडवून पैसे काढल्यासारखं कुणाला वाटत नाही.

मग लॉफ्टची मागणी आली की तक्रारीचा सूर न लावता व्हॉट्सॲपवर लिहावं: “ताई, लॉफ्ट कोटेशनमध्ये धरलेला नाही. ६ बाय २ फूट, म्हणजे १२ चौ. फूट, १४,४०० रुपये आणि ३ दिवस जास्त लागतील. तुमचा होकार आला की प्लाय मागवतो.” होकार येईपर्यंत करवत लावायची नाही. आधी काम करून शेवटच्या बिलात रक्कम दाखवली, की “तेव्हा का नाही सांगितलंत?” या प्रश्नाला उत्तर नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्यानं घेतला तर मोबदला मागता येतो. पण तो हेतू दाखवायचा कशावरून? त्यासाठी हा मेसेज लागतो.

मात्र सगळंच एक्स्ट्रा नसतं. दार लोंबलं, सनमाइक्याला फुगा आला, तर दुरुस्ती आपल्याच खर्चानं. आपण दिलेल्या ड्रॉइंगमध्ये लॉफ्ट दिसतो आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नाही, तर तोही आपल्याच गळ्यात. तिथे पैसे मागणं अन्यायाचं आहे. उलट, मंजूर मापानं प्लाय कापल्यावर ग्राहकानं रुंदी बदलली, तर वाया गेलेल्या मालाचे आणि मजुरीचे पैसे मागायलाच हवेत.

एखादी खुंटी खुशीनं बसवून दिली, तरी ती बिलात दाखवावी: “खुंटी, ३५० रुपये, सूट ३५० रुपये.” नुसती बसवून दिली, तर पुढच्या खोलीत ती कोटेशनमध्ये धरलेलीच होती असं गृहीत धरलं जातं.